सरकारी फॉर्ममधली यादी किंवा कॅलेंडर एकाच ब्राउझरमध्ये अडते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यादीवर क्लिक करतो, पण काहीच होत नाही. नेमके काय बिघडलेले असते?

आधी एक गोष्ट नीट पाहा: यादी उघडतच नाही, की उघडते पण रिकामी आहे? दोन्हींची कारणे वेगळी असतात आणि इथे गफलत झाली की पुढचा सगळा वेळ चुकीच्या जागी जातो.

फॉर्ममधली साधी यादी ब्राउझर स्वतःच काढतो. ती उघडायला कोणतीही स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा आणि ब्राउझरमध्ये चालणारा कोड, लागत नाही. त्यामुळे यादी उघडली आणि आत नुसते Select एवढेच दिसले, तर यादी धड आहे, तिच्यात भरायची नावे सर्व्हरकडून आलेली नाहीत. राज्य निवडल्यावर जिल्हे आणि जिल्हा निवडल्यावर गावे येणाऱ्या याद्यांमध्ये हे सर्रास होते. तुम्ही राज्य निवडता त्या क्षणी पान पडद्यामागे सर्व्हरला विचारणा करते आणि उत्तर आले की दुसरी यादी भरते. मधला कोणताही दुवा तुटला की दुसरी यादी रिकामीच राहते.

दुसऱ्या प्रकारची यादी सजवलेली असते. तिच्यात वर शोधायची चौकट असते, रंग वेगळे असतात. खरी यादी लपवून स्क्रिप्टने तिच्या जागी हे चित्र उभे केलेले असते. ती उघडतच नसेल तर बहुधा स्क्रिप्ट मध्येच थांबली आहे. ब्राउझरला स्क्रिप्टमध्ये चूक सापडली की तो तिथेच ती सोडून देतो आणि तिच्या पुढच्या ओळी चालतच नाहीत. बाकीचे पान मात्र जसेच्या तसे दिसते. म्हणून फॉर्म दिसायला धडधाकट, पण मुका.

कॅलेंडरचेही असेच दोन प्रकार आहेत. ज्या चौकटीत दिवस, महिना, वर्ष असे तीन भाग आधीच फिकट दिसतात ते ब्राउझरचे स्वतःचे कॅलेंडर. जी चौकट पूर्ण कोरी असते आणि शेजारी कॅलेंडरचे छोटे चित्र असते, ते बहुतेक वेळा स्क्रिप्टचे.

दुसऱ्या ब्राउझरमध्ये तोच फॉर्म चालतो. मग दोष माझ्या ब्राउझरचाच ना?

तसे नसते. बरेचदा फॉर्म जुन्या काळच्या एखाद्या सोयीवर टेकलेला असतो आणि ती सोय तुमच्या ब्राउझरने काढून टाकलेली असते. कधी ब्राउझर तोच असतो, पण त्यात बसवलेले एखादे एक्स्टेन्शन, चालू असलेले भाषांतर किंवा साठवून ठेवलेली जुनी फाइल आड येते.

इथे एक माहिती फार उपयोगी पडते. क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा हे चारही आतून एकाच इंजिनावर चालतात; इंजिन म्हणजे पान काढणारा आणि स्क्रिप्ट चालवणारा ब्राउझरचा गाभा. त्यामुळे क्रोममध्ये अडलेला फॉर्म एजमध्ये चालला, तर दोष बहुधा इंजिनाचा नाही. तुमच्या क्रोममधल्या सेटिंगचा, एक्स्टेन्शनचा किंवा साठवणीचा आहे. क्रोम आणि एज दोन्हींत अडला आणि फायरफॉक्समध्ये चालला, तर मात्र फॉर्मची स्क्रिप्ट आणि इंजिन यांचे जमत नसण्याची शक्यता वाढते. म्हणून पडताळणीसाठी दुसरा ब्राउझर निवडताना वेगळ्या इंजिनाचा निवडा. नुसते नाव वेगळे असून काही कळत नाही.

सगळ्यात आधी काय करून पाहू?

भरलेली माहिती जतन करायची सोय असेल तर आधी जतन करा. मग याच क्रमाने जा.

पानाचे भाषांतर चालू असेल तर बंद करा आणि मूळ भाषेत पान पुन्हा उघडा. हे पहिल्या क्रमांकावर का, ते पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

नंतर Ctrl+Shift+R दाबा, मॅकवर Cmd+Shift+R. याने साठवलेल्या जुन्या फाइली बाजूला ठेवून पान नव्याने येते. कार्यालयाने फॉर्म बदलला, पण तुमच्याकडे स्क्रिप्टची जुनी प्रत राहिली, तर नवे पान आणि जुनी स्क्रिप्ट एकमेकांना ओळखत नाहीत.

तरीही अडले तर खासगी खिडकी उघडा: क्रोम आणि एजमध्ये Ctrl+Shift+N, फायरफॉक्समध्ये Ctrl+Shift+P. तिथे तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन चालत नाहीत आणि जुन्या कुकीही नसतात. फॉर्म तिथे चालला की कारण तुमच्या नेहमीच्या खिडकीत आहे हे नक्की झाले. मग जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन त्या संकेतस्थळापुरते बंद करून पाहा. जाहिरात रोखणारी अवजारे फाइलच्या नावावरून आणि पत्त्यावरून अंदाज बांधतात आणि कधी कधी कॅलेंडरची स्क्रिप्टही त्यांच्या जाळ्यात सापडते.

खासगी खिडकीतही अडले, तरच वेगळ्या इंजिनाच्या ब्राउझरकडे वळा.

भाषांतराने यादी कशी बिघडेल? ते तर फक्त शब्द बदलते.

मलाही आधी असेच वाटायचे. माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म पाहिल्यावर डोळे उघडले, म्हणून तो सगळा प्रकार सांगतो.

फॉर्म इंग्रजीत होता. आधी Region निवडायचा, मग त्या विभागातले जिल्हे पुढच्या यादीत यायचे. तिच्या क्रोममध्ये विभाग निवडला की जिल्ह्यांची यादी क्षणभर हलायची आणि रिकामीच राहायची. फायरफॉक्समध्ये तोच फॉर्म सुरळीत. तिने क्रोम काढून पुन्हा टाकले, तरी फरक पडला नाही.

मी F12 दाबून Console पाहिला, म्हणजे ब्राउझर पानातल्या चुका जिथे लाल ओळींत नोंदवतो तो भाग. लाल ओळ एकही नव्हती, म्हणजे स्क्रिप्ट चुकीमुळे मध्येच थांबलेली नव्हती. मग पान सर्व्हरला काय विचारते आणि काय उत्तर येते ते दाखवणारा Network हा शेजारचा भाग उघडा ठेवून तिला विभाग पुन्हा निवडायला सांगितला. एक नवी ओळ उमटली. तिच्यासमोर 200 हा आकडा होता, म्हणजे सर्व्हरने उत्तर दिले होते. ओळीवर क्लिक करून उत्तर पाहिले तर त्यात नुसते `[]`, म्हणजे रिकामी यादी. सर्व्हर सांगत होता की या विभागात एकही जिल्हा नाही.

मग पाठवलेली विचारणा पाहिली आणि उलगडा झाला. फायरफॉक्समधून जात होते `region=North`. क्रोममधून जात होते `region=उत्तर`. तिचे क्रोम इंग्रजी पान आपोआप मराठीत आणत होते. सर्व्हरच्या नोंदीत North होते, उत्तर नावाचा विभाग नव्हता, म्हणून त्याने प्रामाणिकपणे रिकामी यादी दिली.

असे व्हायचे कारण फॉर्मच्या रचनेत होते. यादीतला प्रत्येक पर्याय असा लिहिला होता:

```html
<option>North</option>
```

पर्यायाला वेगळा संकेतांक दिलेला नसेल, तर ब्राउझर पडद्यावरचा शब्दच उत्तर म्हणून पाठवतो. शब्द बदलला की उत्तरही बदलले. संकेतांक दिलेला असता तर भाषांतराने काही बिघडले नसते.

क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतल्या भाषांतराच्या चिन्हावरून पान मूळ इंग्रजीत आणले, पान नव्याने उघडले, जिल्हे आले. पाच मिनिटांचे काम होते आणि तिचे दोन दिवस गेले होते.

यातला धोका रिकाम्या यादीपुरता नाही. यादी एकटीच असेल, तिच्यावर पुढचे काही अवलंबून नसेल, तर भाषांतरित शब्द तसाच अर्जात जाऊ शकतो आणि कोणालाही कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे: फॉर्म समजून घेण्यासाठी भाषांतर जरूर वापरा, पण भरताना पान मूळ भाषेतच ठेवा. दोन खिडक्या शेजारी उघडा, एकीत वाचा, दुसरीत भरा.

Console मधल्या लाल ओळी कशा वाचायच्या?

क्रोममध्ये Ctrl+Shift+J, फायरफॉक्समध्ये Ctrl+Shift+K. ते उघडे ठेवून पान पुन्हा उघडा, म्हणजे सुरुवातीपासूनच्या चुका दिसतील. वाचायची ती पहिली लाल ओळ. खालच्या ओळी बहुतेक वेळा पहिल्या चुकीचेच परिणाम असतात.

`$ is not defined` दिसले तर पानाची पायाभूत फाइल, बहुधा jQuery, आलेलीच नाही. ती कशी अडली हे त्याच्या आसपास दिसते. `net::ERR_BLOCKED_BY_CLIENT` असेल तर तुमच्याच ब्राउझरमधल्या एखाद्या एक्स्टेन्शनने किंवा सुरक्षेच्या सेटिंगने ती रोखली आहे. `Mixed Content` असेल तर पान https वर आहे आणि स्क्रिप्ट http वरून मागवली आहे. आजचे ब्राउझर अशी स्क्रिप्ट चालू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. तो दोष कार्यालयाने दुरुस्त करायचा, तुम्ही ब्राउझरची सुरक्षा उतरवून नव्हे.

`$(...).datepicker is not a function` म्हणजे पाया आला, पण कॅलेंडरची फाइल आली नाही. किंवा jQuery एकाच पानावर दोनदा आणली गेली आणि दुसऱ्या प्रतीने पहिलीवर बसवलेले कॅलेंडर पुसून टाकले.

ओळीच्या शेवटी `reading 'msie'` असे दिसले तर फॉर्म खूप जुना आहे. ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर आहे का, हे विचारायची सोय jQuery च्या १.९ या आवृत्तीत, २०१३ मध्ये, काढली गेली. तीच विचारणारी स्क्रिप्ट नव्या jQuery सोबत ठेवली की पहिल्याच पावलाला अडखळते.

कोणी अनोळखी माणसाने 'हे Console मध्ये चिकटवा, फॉर्म चालेल' असे सांगितले तर चिकटवू नका. तिथे चिकटवलेली ओळ तुमच्या लॉगिनच्या अधिकाराने चालते.

कालपर्यंत चालत होता, आज अचानक बंद. हे कसे?

ब्राउझर रात्रीतून अद्ययावत झाला असेल. जुन्या सोयी टप्प्याटप्प्याने काढल्या जातात आणि त्यांच्यावर टेकलेले फॉर्म त्या दिवशी अडतात. पूर्वीची अनेक कॅलेंडरे `showModalDialog` या आज्ञेने वेगळी खिडकी उघडत. क्रोमने ती आज्ञा २०१५ मध्ये पूर्णपणे काढली, फायरफॉक्सनेही नंतर काढली. अलीकडचे उदाहरण जुलै २०२४ मधले: क्रोम १२७ ने पानातले बदल टिपणाऱ्या `DOMNodeInserted` सारख्या जुन्या सूचना बंद केल्या. एक यादी भरली की दुसरी जागी व्हावी यासाठी त्या वापरणाऱ्या स्क्रिप्ट तेव्हापासून ती हाक ऐकतच नाहीत. अशा वेळी Console मध्ये लाल ओळही दिसत नाही, कारण चूक काहीच होत नाही. ज्या हाकेची स्क्रिप्ट वाट पाहते ती येतच नाही, एवढेच.

काही कॅलेंडरे आजही साधी वेगळी खिडकी उघडतात आणि पॉप-अप रोखणारी सोय ती अडवते. क्लिक केल्यावर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटे चिन्ह आले तर त्या संकेतस्थळाला परवानगी द्या.

सूचनांमध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर वापरा' असे लिहिले आहे. तो तर आता नाही.

मायक्रोसॉफ्टने त्याला १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. पण विंडोजवरच्या एजमध्ये IE mode नावाची सोय आहे आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील असे कंपनीने सांगितले आहे. एजच्या Settings मध्ये Default browser हा भाग उघडा, Internet Explorer mode ला परवानगी द्या, एज पुन्हा सुरू करा आणि त्याच भागातल्या यादीत फॉर्मचा पूर्ण पत्ता जोडा. जोडलेला पत्ता ३० दिवस टिकतो, नंतर पुन्हा जोडावा लागतो. मॅकवर आणि मोबाइलवर ही सोय नाही.

ती फक्त अशा सूचना असलेल्या फॉर्मसाठीच वापरा आणि काम झाले की पत्ता यादीतून काढा. जुने इंजिन सुरक्षेच्या दृष्टीने कच्चे आहे. शिवाय आजच्या पद्धतीने लिहिलेला फॉर्म त्यात उलट जास्त बिघडेल.

मागे जाऊन परत आलो. राज्य निवडलेले दिसते, पण जिल्हे रिकामे आहेत.

ब्राउझरने तुमची आधीची निवड आठवणीने परत ठेवली, पण स्क्रिप्टला 'निवड बदलली' अशी खबर मिळाली नाही, म्हणून तिने जिल्हे मागवलेच नाहीत. फायरफॉक्समध्ये पान नुसते ताजे केले तरी असे होते, कारण तो भरलेल्या चौकटी जपून ठेवतो. दुसरे कोणतेही राज्य निवडा, मग पुन्हा आपले निवडा. तेच नाव नुसते पुन्हा निवडून चालत नाही, बदल व्हायला हवा.

त्यानेही जिल्हे आले नाहीत आणि बराच वेळ फॉर्म तसाच उघडा होता, तर लॉगिनची मुदत संपलेली असू शकते. Network मध्ये 401 किंवा 403 दिसेल, किंवा जिल्ह्यांच्या जागी लॉगिनचे पान आलेले दिसेल. पुन्हा लॉगिन करा.

कॅलेंडर उघडते, पण तारीख नाकारली जाते किंवा उलटी होते.

ब्राउझरचे स्वतःचे कॅलेंडर पडद्यावर तारीख तुमच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे दाखवते, पण आत नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवते. त्यामुळे एकाच फॉर्ममध्ये एका ब्राउझरला १५/०८/१९९० आणि दुसऱ्याला ०८/१५/१९९० दिसू शकते आणि दोन्ही बरोबर असतात. टाइप करण्याआधी कोणता भाग महिन्याचा आहे ते पाहून घ्या.

खरी गडबड होते ती स्क्रिप्ट तारीख स्वतः वाचू लागते तेव्हा:

```js
new Date("05/08/1990")  // ८ मे, ५ ऑगस्ट नव्हे
new Date("15/08/1990")  // Invalid Date
```

याची एक खूण पक्की आहे. १ ते १२ मधले दिवस फॉर्म मुकाट स्वीकारतो आणि १३ पासून पुढचे नाकारतो. असे दिसले तर दिवस आणि महिना उलटे वाचले जात आहेत. मग १२ च्या आतली जी तारीख 'चालली', तीही चुकीची नोंदली गेली असू शकते. पावती किंवा पूर्वदृश्यात महिना शब्दांत लिहिलेला असेल तर तो तपासल्याशिवाय अर्ज दाखल करू नका.

जन्मवर्षापर्यंत पोहोचताच येत नाही, अशीही तक्रार असते. क्रोमच्या कॅलेंडरमध्ये वरच्या महिना-वर्षावर क्लिक केले की वर्षांची यादी येते. चौकटीत आकडे थेट टाइपही करता येतात.

कॅलेंडर उघडत नाही, पण चौकटीत टाइपही करता येत नाही. F12 मधून कुलूप काढू का?

`readonly` हा शब्द पुसून टाइप करायची युक्ती अनेक जण सांगतात. मी ती सुचवत नाही. कॅलेंडरमधून तारीख निवडली की स्क्रिप्ट कित्येकदा दुसऱ्या लपलेल्या चौकटीतही नोंद करते, वय मोजते, पात्रता तपासते. तुम्ही वरची चौकट भरली आणि आतली कोरी राहिली, तर अर्ज जातो पण अपुरा जातो. ते कळते छाननीत, म्हणजे हाती काही उरलेले नसते तेव्हा.

माझा संगणक जुना आहे. त्याचा संबंध आहे का?

असू शकतो. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ नंतर पुढे जात नाही. नव्या पद्धतीने लिहिलेल्या स्क्रिप्टमधले एखादे चिन्हही जुन्या ब्राउझरला वाचता आले नाही, तर तो ती पूर्ण फाइल नाकारतो. Console मध्ये `Unexpected token` दिसते. यावर इलाज एकच: नवा ब्राउझर चालेल असा संगणक.

आयफोनवर मात्र ब्राउझर बदलून फारसे हाती लागत नाही. काही देशांतला अपवाद सोडला तर तिथे क्रोम आणि फायरफॉक्सही सफारीचेच इंजिन वापरतात. फॉर्म तिथे अडला तर संगणकावर भरा.

शेवटची तारीख जवळ आली आहे. तक्रारीत काय लिहू?

'फॉर्म चालत नाही' एवढ्यावर कोणालाच काही शोधता येत नाही. असे लिहा:

"पान क्रमांक २, जिल्हा ही यादी. राज्य निवडल्यावर रिकामी राहते. विंडोज ११, क्रोम, आवृत्ती अमुक. खासगी खिडकीत आणि भाषांतर बंद ठेवूनही तसेच. फायरफॉक्समध्ये चालते. Console मधली पहिली लाल ओळ सोबतच्या चित्रात. वेळ सकाळी ११.२०."

चित्रात ओळखपत्राचा क्रमांक दिसत असेल तर झाका. कोणी HAR फाइल, म्हणजे Network मधल्या सगळ्या नोंदींची जतन केलेली प्रत, मागितली तर ती अधिकृत मदतकक्षालाच द्या, तिच्यात तुमचे लॉगिन असू शकते. आणि तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत थांबू नका. दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालत असेल तर आजच अर्ज भरून पावती घ्या.

मी असे फॉर्म बनवतो. कोणती एक दुरुस्ती आधी करू?

पर्यायांना संकेतांक द्या आणि यादीचे भाषांतर थांबवा:

```html
<select name="region" translate="no">
  <option value="03">North</option>
</select>
```

मग पान उघडल्याबरोबर राज्याची निवड तपासा, ती आधीच भरलेली असेल तर जिल्हे तेव्हाच मागवा. सर्व्हरकडून रिकामे उत्तर आले तर रिकामी यादी दाखवू नका, 'जिल्हे मिळाले नाहीत, पान मूळ भाषेत उघडून पुन्हा प्रयत्न करा' असे तिथेच लिहा. माझ्या ओळखीतल्या त्या मुलीला हे एक वाक्य दिसले असते तर तिचे दोन दिवस वाचले असते.